किती ओळी चुकल्या की थांबायचं?

समजा, सिंदी मेघेसारख्या मोठ्या ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधल्या ४,००० मिळकती रोज रात्री मुख्य सर्व्हरवर जातात. दहा-वीस ओळी अडकल्या, कुठे क्षेत्रफळ कोरं, कुठे मिळकत क्रमांक दुबार, तर त्या बाजूला काढून बाकीच्या पुढे न्याव्यात. पण एक्सेलमध्ये एक रकाना सरकला, की कराच्या जागी मालकाचं नाव येतं आणि ओळीमागून ओळ नाकारली जाते. तेव्हा काम थांबावं म्हणून, समजा, ५ टक्क्यांची मर्यादा घातली. मात्र निकाल निदान २०० ओळींनंतरच लावावा. एरवी पहिलीच ओळ चुकली की प्रमाण थेट १०० टक्के! थांबताना आधी गेलेल्या ओळीही मागे घ्याव्यात, नाहीतर अर्धी यादी नवी, अर्धी जुनी. आकड्याच्या जागी चुकीचा आकडाच आला, तर ओळ नाकारली जात नाही. त्यासाठी एकूण मागणीची बेरीज कालच्या बेरजेशी ताडावी लागते.