कट्ट्यावरची खेचाखेची

दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा संध्याकाळी पाचनंतर भरू लागतो. आत मुलांची नेट प्रॅक्टिस चालू असते आणि बाहेर पंचाहत्तरीतली मित्रमंडळी आपापल्या ठरलेल्या जागी येऊन टेकतात. तिथलं बोलणं साधारण असं चालतं :

"काय नाना, आज गुडघ्यांनी परवानगी दिली वाटतं?"

"माझ्या गुडघ्यांचं सोड. तुझी साखर किती आहे ते सांग. काल उडप्याकडे शिरा हाणत होतास."

"उपमा होता तो! तुला दिसत नाही, की आठवत नाही?"

"मला? एकाहत्तरची ओव्हल टेस्ट कालच्यासारखी आठवते. शेवटच्या दिवशी गावसकरनं काय बॅटिंग केली!"

"अरे, गावसकर दुसऱ्या डावात शून्यावर गेला. स्नोनं पायचीत केलं त्याला. विजयी चौकार आबिद अलीचा."

"आणि वाडेकर?"

"ड्रेसिंग रूममध्ये झोपला होता. दुपारी तू झोपतोस तसाच!"

बघणाऱ्याला हे भांडण वाटेल, पण दोघांचाही कस लागतो. समोरच्यानं काय म्हटलं ते नीट ऐकायचं, जुना संदर्भ शोधायचा आणि लगेच उलटवायचं, ही तिन्ही कामं मेंदूला काही सेकंदांत करावी लागतात. म्हणूनच मित्राच्या कानात, स्मरणात किंवा मनःस्थितीत फरक पडला, तर तो या खेचाखेचीत लवकर उघडा पडतो.

नानांची चूक मोठी बोलकी आहे. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला म्हातारपणीही जास्त आठवतात. १९७१ साली नाना विशीत होते. त्याच वर्षी वेस्ट इंडिजमध्ये गावसकरनं पहिल्याच मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा केल्या, आणि ऑगस्टमध्ये वाडेकरच्या संघानं ओव्हलवर इंग्लंडला हरवलं. त्या सामन्यात चंद्रशेखरनं ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत गुंडाळला होता. नानांच्या मनात हे दोन पराक्रम एकमेकांत मिसळले. आठवण ठसठशीत असली म्हणजे अचूक असतेच असं नाही, तरुणांचीही नसते. तेव्हा या चुकीला घाबरण्याचं कारण नाही. एखादं नाव ऐन वेळी न सुचणं आणि तासाभरानं घरी आठवणं, हेही वयाप्रमाणे चालायचंच.

घाबरायचं कधी? अण्णांनी आबिद अलीचा चौकार सांगितला आणि पाच मिनिटांत नानांनी "तो सामना कोणी जिंकून दिला?" असं पुन्हा विचारलं, आणि हे रोजच होऊ लागलं, तर. रोजच्या वाटेवर गोंधळ, चहाच्या पैशांचा हिशेब न जमणं, आवडत्या विषयावरही गप्प बसणं, हेही त्याच यादीत येतं. एक-दोन दिवसांतच माणूस एकाएकी भ्रमिष्टासारखा बोलू लागला, तर मात्र थांबायचं नाही. जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं किंवा नव्यानं सुरू झालेली गोळी यांमुळेही असं होतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पुष्कळदा मात्र दोष स्मरणाचा नसून कानांचा असतो. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात. स, श, फ अशी व्यंजनं निसटतात आणि "साठ" की "आठ" ते कळत नाही. रहदारीच्या आवाजात हे आणखी वाढतं. माणूस भलतंच उत्तर देतो, मंडळी हसतात आणि "नाना विसरायला लागले" असा शिक्का बसतो. याची परीक्षा सोपी आहे. शांत जागी, समोर बसून, ओठ दिसतील असं सावकाश बोला आणि अर्ध्या तासानं तेच विचारा. उत्तर बरोबर आलं, तर आधी कान तपासून घ्यायला हवेत. ते चुकलं, तर डॉक्टरकडे जाऊन बी १२, थायरॉईड आणि नैराश्य यांचीही तपासणी करून घ्यावी. या कारणांवर उपचार होऊ शकतात.

थट्टेलाही मर्यादा असते आणि जुने मित्र ती पाळतात. जे दोघांनाही आहे त्याचीच थट्टा होते : गुडघे, साखर, चष्मा, झोप. गेलेली बायको, परदेशातला मुलगा, आजाराचा नवा रिपोर्ट यांना कोणी हात घालत नाही. खरी भीती मनात घर करू लागली की तो विषय थट्टेतून बाहेर काढायचा असतो. एरवी तासभर टोमणे मारणारे अण्णाच अशा वेळी नानांना बाजूला घेऊन विचारतात, "खरं सांग, काय होतंय?"

घरच्यांनी म्हणूनच एक करावं. वडिलांच्या कट्ट्यावरच्या मित्राचा फोन नंबर आपल्याकडे ठेवावा आणि महिन्यातून एकदा त्याला विचारावं, "बाबा हल्ली तुम्हाला पूर्वीसारखं उत्तर देतात ना?" घरी बाबा टीव्हीसमोर बसलेले दिसतात, पण त्यांच्याशी रोज तास-दीड तास वाद घालतो तो हा मित्र. तो "नाही" म्हणाला, तर तपासणी पुढे ढकलू नका.