घरातल्या प्लेस्टेशनवर मुलाचं वेगळं खातं

प्लेस्टेशन 5 घरी आलं की पहिल्या दिवशी घाई असते ती खेळायची. बाबांच्या ईमेलवर खातं उघडलं जातं, गेम विकत घेताना त्यातच कार्ड जोडलं जातं आणि मुलगा त्याच खात्यावर खेळायला बसतो. पुढचे बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात, कारण खेळायची वेळ आणि खर्चाची मर्यादा सोनीने मुलाच्या खात्याला जोडलेली आहे. बाबांच्या खात्यावर खेळणाऱ्या मुलाला या मर्यादा लागूच होत नाहीत. म्हणून मुलाचं स्वतंत्र खातं, तेही खऱ्या जन्मतारखेचं, आधी उघडायला हवं.

जन्मतारीख खरी असण्यावर माझा विशेष भर आहे. कित्येक मुलं मित्राकडून ऐकून स्वतःच खातं उघडतात आणि जन्मसाल मागे नेतात. असं सज्ञान व्यक्तीचं म्हणून उघडलेलं खातं नंतर बालखातं करता येत नाही. नवीन खातं काढावं लागतं, आणि जुन्या खात्यावर जमवलेले खेळाडू, पोशाख, पातळ्या तिथेच राहतात. मुलाला याचं खरोखर वाईट वाटतं. म्हणून हे काम खेळ सुरू होण्याआधी झालेलं बरं.

आई किंवा बाबा यांच्यापैकी एकाचं खातं कुटुंबाचं मुख्य खातं होतं. त्या खात्याने कन्सोलवर Settings मध्ये जायचं, तिथून Family and Parental Controls आणि मग Family Management उघडायचं. तिथे कुटुंबात नवा सदस्य जोडताना मुलाची जन्मतारीख आणि त्याच्यासाठी वेगळा ईमेल द्यावा लागतो. गेम मात्र मोठ्यांच्याच खात्यावर विकत घ्यावेत. त्या खात्यासाठी Console Sharing and Offline Play हा पर्याय चालू असेल, तर त्या कन्सोलवर घरातला प्रत्येक जण आपापल्या खात्यातून तो गेम खेळू शकतो. दोनदा पैसे मोजावे लागत नाहीत.

आता पैशांकडे येऊ. मुलाच्या खात्याला दरमहा खर्चाची मर्यादा घालता येते, ती शून्यही ठेवता येते. मुलाने काही घेतलं की ते पैसे मुख्य खात्याच्या वॉलेटमधून वळते होतात. कार्डाने पैसे भरताना आपल्याकडे ओटीपी येतो, त्यामुळे अनेक पालक निर्धास्त असतात. पण ओटीपी लागतो तो कार्डातून पैसे निघताना. एकदा वॉलेटमध्ये शिल्लक जमा झाली की ती खर्च करायला बँक काहीच विचारत नाही. दिवाळीला वॉलेटमध्ये पाच हजार भरून ठेवले आणि मर्यादा घातलीच नाही, तर ते पाच हजार जायला एक दुपार पुरते.

एक उदाहरण घेऊ. अकरा वर्षांच्या ओमला फुटबॉलच्या एफसी या गेममध्ये पॉइंट्स हवे आहेत. त्या पॉइंट्सनी पाकिटं उघडायची आणि आत कोणता खेळाडू निघतो ते पाहायचं. बाबा म्हणाले, मी माझ्या खात्यावरून घेऊन देतो. तसं केलं तर पॉइंट्स बाबांच्या खात्यातच जमा होतील, ओमच्या संघाला त्यांचा उपयोग नाही. अख्खा गेम घरात सर्वांना वापरता येतो, पण गेममधलं चलन ज्याने घेतलं त्याचंच राहतं. तेव्हा ओमची मर्यादा एरवी शून्य ठेवायची, वाढदिवसाला ठरलेल्या रकमेएवढी वाढवायची, वॉलेटमध्येही तेवढेच पैसे भरायचे, आणि त्याने आपल्या खात्यावरून पॉइंट्स घेतले की मर्यादा पुन्हा शून्यावर आणायची. मर्यादा आणि शिल्लक दोन्ही बेताच्या असल्या की एक सुटली तरी दुसरी आडवी येते. शिवाय मुख्य खात्यावर खरेदीच्या वेळी पासवर्ड मागण्याची सोय चालू करावी. हे आधीच करण्याचं कारण असं की गेममधलं असं चलन एकदा खात्यात पोहोचलं की प्लेस्टेशन स्टोअरकडून त्याचे पैसे परत मिळत नाहीत.

वेळेच्या बाबतीत दोन गोष्टी ठरवायच्या असतात: दिवसाला एकूण किती वेळ, आणि घड्याळात कितीपासून कितीपर्यंत. प्रत्येक वारासाठी हे वेगळं ठेवता येतं. ओमसाठी सोमवार ते शुक्रवार एक तास, तोही संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान, आणि शनिवार-रविवारी दोन तास, असं बसवता येईल. वेळ संपल्यावर काय व्हावं, याचे दोन पर्याय आहेत. Notify Only निवडलं तर पडद्यावर फक्त सूचना येते आणि खेळ चालूच राहतो. Log Out of PS5 निवडलं तर मुलगा खात्यातून बाहेर पडतो. पालक मर्यादा घालतात आणि तरीही मुलगा तासन्‌तास खेळतो, तेव्हा आधी हा पर्याय तपासावा.

मात्र बाहेर काढणं निवडलं तर मुलाची बाजूही पाहायला हवी. ऑनलाइन सामना मध्येच थांबवता येत नाही. अर्धवट सोडला तर तो हार म्हणून नोंदला जातो, आणि एकट्याने खेळायच्या गेममध्ये न साठवलेली प्रगती जाते. ‘आई, फक्त ही मॅच संपू दे’ हे दर वेळी बहाणाच असतं असं नाही. एफसीचा एक ऑनलाइन सामना साधारण पंधरा मिनिटांचा असतो. त्यामुळे शेवटची पंधरा-वीस मिनिटं उरली की नवा सामना सुरू करायचा नाही, हा नियम ओमला आधीच सांगून ठेवावा. खरोखर गरज असेल तर त्या दिवसापुरती वेळ वाढवून देता येते. 2025 च्या सप्टेंबरमध्ये सोनीने PlayStation Family हे मोबाइल अॅप आणलं. त्यात मुलाने जास्त वेळ मागितल्याची विनंती फोनवर येते आणि आई ऑफिसमधूनही हो किंवा नाही म्हणू शकते.

एवढं केल्यावरही दोन वाटा मोकळ्या राहतात, आणि मुलांना त्या लवकर सापडतात. पहिली, बाबांचंच खातं. त्याला पासकोड नसेल तर ओम ते निवडून आत जातो. Users and Accounts मध्ये Login Settings खाली चार अंकी पासकोड घालता येतो. घरात सगळ्यांना पाठ असलेला गाडीचा नंबर तिथे वापरू नये. दुसरी वाट म्हणजे नवा वापरकर्ता तयार करणं किंवा पाहुणा म्हणून शिरणं. त्यावर कोणतीच मर्यादा नसते. ती PS5 Console Restrictions मध्ये जाऊन बंद करावी लागते. तिथला मूळ पासकोड 0000 असतो. तो बदलला नाही तर बंद केलेलं दार मुलगा स्वतःच उघडू शकतो.

सगळं लावून झालं की मुलाला शेजारी बसवूनच तपासावं. त्या दिवसापुरती वेळ अगदी थोडी ठेवायची आणि त्याला एखादा साधा, ऑनलाइन नसलेला गेम सुरू करू द्यायचा. वेळ संपल्यावर तो बाहेर पडला का, स्टोअरमध्ये काही घ्यायला गेल्यावर अडला का, सुरुवातीच्या पडद्यावरून नवा वापरकर्ता तयार होतो का, हे तिन्ही पाहायचं. मग वेळ पुन्हा एक तासावर आणून कंट्रोलर त्याच्या हातात द्यायचा.