पेऑफ मॅट्रिक्सचे उत्तर कसे तपासावे

पेऑफ मॅट्रिक्स म्हणजे दोन खेळाडूंच्या निवडींचा आणि त्यांतून प्रत्येकाच्या पदरात काय पडते याचा तक्ता. एक खेळाडू ओळ निवडतो, दुसरा स्तंभ. दोघेही एकमेकांची निवड कळण्याआधी आपली निवड करतात आणि जिथे ओळ व स्तंभ मिळतात त्या चौकटीतले आकडे दोघांचा लाभ सांगतात. पहिला आकडा ओळवाल्याचा, दुसरा स्तंभवाल्याचा. गेम थिअरीच्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत असा तक्ता देऊन एकच गोष्ट विचारलेली असते: यात नॅश समतोल कुठे आहेत? ज्या चौकटीवरून एकट्याने हलून कोणाचाही फायदा होत नाही, ती चौकट समतोलाची. जॉन नॅश यांनी ही कल्पना १९५० मध्ये मांडली आणि खेळाडू व निवडी मोजक्या असलेल्या प्रत्येक खेळात असा निदान एक समतोल असतोच, हे सिद्ध केले. त्यात निवडी ठरावीक प्रमाणात मिसळून खेळण्याची मुभा मात्र गृहीत आहे.

व्याख्या दोन वाक्यांत संपते, तरी उत्तरे चुकतात. चुका दोन प्रकारच्या असतात. एक तर सर्वोत्तम प्रतिसादाची खूण भलत्या आकड्यावर पडते, नाहीतर एखादा समतोल नजरेतून निसटतो. खालच्या तक्त्यात या दोन्हींना भरपूर वाव आहे. अ हा खेळाडू क, ख, ग यांपैकी एक ओळ निवडतो आणि ब हा ट, ठ, ड यांपैकी एक स्तंभ.

| | ट | ठ | ड |
|---|---|---|---|
| क | ३, २ | १, २ | ०, १ |
| ख | ३, ० | ०, १ | ४, ४ |
| ग | १, ३ | २, ० | ३, १ |

खुणा करण्याची रीत अशी. अ साठी एकेक स्तंभ धरायचा, कारण ब ने काय निवडले हे गृहीत धरूनच अ ला आपली ओळ ठरवायची असते. त्या स्तंभात वरपासून खालपर्यंत फक्त पहिले आकडे पाहायचे आणि सर्वांत मोठ्याखाली रेघ मारायची. ब साठी एकेक ओळ धरून फक्त दुसरे आकडे आडवे पाहायचे. ज्या चौकटीत दोन्ही आकड्यांखाली रेघ येईल ती समतोलाची चौकट.

या तक्त्यात अ च्या रेघा अशा पडतात: ट स्तंभात ३ हा आकडा क आणि ख या दोन्ही ओळींत आहे, म्हणून दोन्हींना रेघ, ठ मध्ये ग ओळीतल्या २ ला, ड मध्ये ख ओळीतल्या ४ ला. ब च्या रेघा: क ओळीत ट आणि ठ दोन्हींखालच्या २ ला, ख ओळीत ड खालच्या ४ ला, ग ओळीत ट खालच्या ३ ला. दोन्ही रेघा एकत्र येतात त्या दोन चौकटींत, (क, ट) आणि (ख, ड).

सर्वांत सर्रास होणारी चूक दिशेची आहे. अ चे आकडे ओळीत आडवे पाहिले, तर प्रश्नच बदलतो. अ ने क निवडल्यावर ब ने काय केलेले अ ला आवडेल, असे ते विचारणे होते. पण ब ची निवड अ च्या हातात नसते. ही चूक धरायला मोजणी पुरते. प्रत्येक स्तंभात अ ची निदान एक रेघ हवी आणि प्रत्येक ओळीत ब ची निदान एक, कारण समोरच्याने काहीही केले तरी त्याला काहीतरी उत्तम उत्तर असतेच. वरच्या तक्त्यात अ चे आकडे आडवे पाहिले तर रेघा क ओळीत ट खाली आणि ख व ग या ओळींत ड खाली पडतात. ठ स्तंभ रिकामा राहतो आणि चूक उघडी पडते.

पण मोजणीवर विसंबून चालत नाही. ब चे आकडे चुकून स्तंभात उभे पाहिले, तर ट मध्ये ग ओळीतला ३, ठ मध्ये क ओळीतला २ आणि ड मध्ये ख ओळीतला ४ यांना रेघा मिळतात. प्रत्येक ओळीत बरोबर एक रेघ दिसते. मोजणी बिनबोभाट पार पडते आणि तरीही सगळी रीतच चुकलेली असते. त्याहून घातक म्हणजे या चुकीच्या रीतीनेही (ख, ड) हा समतोल सापडतो, कारण तिथला ४ कोणत्याही दिशेने पाहिला तरी सर्वांत मोठाच आहे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला एक बरोबर समतोल दिसला, म्हणून रीत बरोबर होती असे म्हणता येत नाही. खूण तपासायची तर उत्तराशी ताडून नव्हे, त्या खुणेच्या शेजारचे आकडे पुन्हा वाचूनच.

दुसरी मोठी खाच बरोबरीची. सर्वोत्तम प्रतिसाद एकच असला पाहिजे असे व्याख्येत कुठेही नाही. दोन आकडे सारखे आणि सर्वांत मोठे असतील, तर दोघांनाही रेघ मिळते. ट स्तंभातल्या दोन ३ पैकी फक्त ख ओळीतल्याला रेघ मारली, किंवा क ओळीतल्या दोन २ पैकी फक्त ठ खालच्याला मारली, की (क, ट) हा समतोल नाहीसा होतो आणि उत्तरात एकटी (ख, ड) उरते. उत्तर नीटनेटके दिसते, म्हणून संशयही येत नाही. रेघा संपल्यावर प्रत्येक रेघेचा आकडा त्याच स्तंभात किंवा ओळीत आणखी कुठे आहे का, हे पाहण्याची सवय इथे उपयोगी पडते.

(क, ट) आणखी एका कारणाने वगळला जातो. तिथे दोघांना ३ आणि २ मिळतात, तर (ख, ड) मध्ये चार चार. दोघांनाही जास्त देणारी चौकट समोर असताना कमी देणारी चौकट स्थिर कशी, असे वाटते. समतोलाची कसोटी मात्र एकट्याच्या हालचालीची आहे. (क, ट) वरून अ एकटा ख वर गेला तर त्याला पुन्हा ३ च मिळतात, ग वर गेला तर १. ब एकटा ठ वर गेला तर २ चे २ च, ड वर गेला तर १. कोणाचाही लाभ वाढत नाही. दोघांनी मिळून ड कडे वळणे ही वेगळी गोष्ट आहे आणि नॅश समतोल तिच्याविषयी काही म्हणत नाही. बरोबरीमुळे ही चौकट (ख, ड) इतकी घट्ट नाही हे खरे. ब ला ठ कडे सरकण्यापासून रोखणारे काही नाही. तरी व्याख्येप्रमाणे ती समतोलच आहे आणि उत्तरात आलीच पाहिजे.

पूर्ण तपासणी म्हणजे सापडलेल्या चौकटी खऱ्या ठरवणे आणि सोडलेल्या प्रत्येक चौकटीला नाकारण्याचे कारण देणे. इथे सात चौकटी सोडल्या आहेत. (क, ठ) वरून अ ग कडे जाऊन १ चे २ करतो. (क, ड) वरून तो ख कडे जाऊन शून्याचे ४ करतो, (ग, ड) वरून ख कडेच ३ चे ४, (ख, ठ) वरून ग कडे शून्याचे २ आणि (ग, ट) वरून क कडे १ चे ३. (ख, ट) वरून ब ड कडे सरकून शून्याचे ४ करतो आणि (ग, ठ) वरून ट कडे शून्याचे ३. प्रत्येक चौकटीला एक माणूस आणि एक हालचाल सापडली, म्हणजे शुद्ध निवडींपुरते काहीही सुटलेले नाही. एखाद्या चौकटीसाठी अशी हालचाल सापडत नसेल, तर ती समतोल आहे आणि राहून गेली आहे.

यानंतरही उत्तर अपुरे असू शकते, कारण खेळाडू निवडी मिसळून खेळू शकतात. रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये दाखवले की, आकड्यांतल्या बरोबरीसारखे योगायोग वगळले तर जवळजवळ प्रत्येक मोजक्या खेळात समतोलांची संख्या विषम असते. बरोबरी नसलेल्या तक्त्यात दोनच समतोल हाती आले, तर तिसरा मिश्र समतोल शोधायला हवा असा त्याचा व्यवहारातला अर्थ. वरच्या तक्त्यात बरोबरी असल्याने ही हमी लागू होत नाही, तरी शोध घेण्यासारखा आहे.

शोधणे कष्टाचे असते, तपासणे सोपे. समजा उत्तरात लिहिले आहे की अ क, ख, ग हे १४ पैकी १०, ३, १ या प्रमाणात खेळतो आणि ब ट, ठ, ड हे १७ पैकी ७, ८, २ या प्रमाणात. ब चे प्रमाण घेऊन अ च्या ओळी मोजायच्या. क मधून ३ गुणिले ७ अधिक ८, म्हणजे २९. ख मधून २१ अधिक ४ गुणिले २, पुन्हा २९. ग मधून ७ अधिक १६ अधिक ६, तेही २९. तिन्ही सारखे, म्हणजे अ ला मिसळायला हरकत नाही. अ चे प्रमाण घेऊन ब चे स्तंभ मोजले तर ट मधून २० अधिक ३, ठ मधून २० अधिक ३ आणि ड मधून १० अधिक १२ अधिक १ येतात, तिन्हीकडे २३. समतोल खरा.

इथली नेहमीची चूक म्हणजे प्रमाणांची अदलाबदल. अ चे प्रमाण ब ला उदासीन ठेवण्यासाठी असते, म्हणून ते ब च्या आकड्यांवरून काढावे लागते. ते अ च्याच आकड्यांवरून काढून अ ला ७, ८, २ दिले, तर ब ला ट मधून २०, ठ मधून २२ आणि ड मधून ४१ मिळतात. ब मिसळणारच नाही, तो सरळ ड खेळेल. एवढ्या बेरजेने चूक कळते.

क ओळीतल्या बरोबरीतून आणखी काही समतोल निघतात. अ क वर ठाम राहिला, तर ब ट आणि ठ यांत कसाही वाटून खेळू शकतो, कारण दोन्हींतून त्याला २ मिळतात. अ मात्र क वर तेव्हाच टिकेल, जेव्हा ग मधून त्याला जास्त मिळत नसेल. ट चा वाटा निदान एक तृतीयांश असला की तसे होते. बरोबर एक तृतीयांशावर क आणि ग दोन्ही ओळी अ ला पाच तृतीयांश देतात. म्हणजे इथे एक, दोन नव्हे, समतोलांची एक अख्खी पट्टी आहे आणि (क, ट) हे तिचे एक टोक. अशा उत्तरात न वापरलेल्या निवडीही तपासाव्या लागतात, आणि तेच बहुधा विसरले जाते. वापरलेल्या निवडी सारखा लाभ देतात एवढ्यावर भागत नाही. बाजूला ठेवलेली निवड त्यांच्यापेक्षा जास्त देत नाही, हेही दिसले पाहिजे. ब ने सोडलेला ड त्याला १ देतो, २ पेक्षा कमी. अ ने सोडलेली ख ओळ पट्टीवर कुठेही क पेक्षा जास्त देत नाही, कारण ट मध्ये दोघींचे आकडे सारखे आहेत आणि ठ मध्ये ख ला शून्य.