कर्ज फिटलं, आता कागद द्या

गृहकर्जाचा शेवटचा हप्ता गेला की बँक आपणहून कागद पाठवील, अशा भरवशावर राहू नका. शाखेत लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. अर्जात कर्ज खात्याचा क्रमांक, खातं पूर्ण फिटल्याची तारीख आणि कर्ज घेताना जमा केलेल्या मूळ कागदांची यादी लिहा: नोंदणीकृत करारनामा, नोंदणीची पावती, सोसायटीचं भागपत्र.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३पासून बँकेला ३० दिवसांत कागद परत करावे लागतात, बोजाही उतरवावा लागतो. उशीर बँकेमुळे झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. ५ एप्रिलला खातं फिटलं आणि कागद १५ मेला मिळाले, तर मुदतीनंतरच्या १० दिवसांचे ५०,००० रुपये होतात. कागद हरवले असतील तर प्रमाणित प्रती मिळवून देण्याचा खर्च बँकेचा. मात्र त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात.

‘सर्व कागद मिळाले’ यावर सही करण्याआधी काउंटरवरच पानं मोजा, मागे रांग असली तरी. ना-हरकत पत्राची प्रत सोसायटीला द्या, म्हणजे तिच्या दप्तरातली कर्जाची नोंदही निघेल.