चार किलोची गाडी आणि दोन मिलिमीटरची चूक

आमच्या वर्कशॉपमध्ये रबरी पट्ट्यावर धावणारी एक गाडी आहे. वजन चार किलो. तिने अर्धा मीटर जायचं आणि नेमक्या जागी थांबायचं. स्टेपर मोटरच्या पुलीचा घेर १०० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला एक मीटर वेग हवा तर मोटर मिनिटाला ६०० फेरे फिरायला हवी.

गाडी एकदम त्या वेगाने सुटू शकत नाही. वेग एकसारखा वाढतो, काही काळ स्थिर राहतो, मग तसाच उतरतो. कागदावर वेळ आडवी आणि वेग उभा मांडला, की समलंब चौकोन दिसतो. त्याचं क्षेत्रफळ म्हणजे गाडीने कापलेलं अंतर.

त्वरण सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद धरू. चढायला ०.२ सेकंद आणि १०० मिलिमीटर, उतरायलाही तेवढंच. मधले ३०० मिलिमीटर पूर्ण वेगात ०.३ सेकंदात जातात. एकूण ०.७ सेकंद. जायचं अंतर १०० मिलिमीटरच असेल, तर माथा सपाट होतच नाही. ५० मिलिमीटरवर वेग ०.७ मीटरपर्यंत पोहोचतो आणि तिथूनच उतरतो. चौकोनाचा त्रिकोण होतो.

आता मोटरला किती जोर लागतो ते पाहू. ४ किलो गुणिले ५, म्हणजे २० न्यूटन. पुलीच्या १६ मिलिमीटर त्रिज्येवर त्याचा टॉर्क ०.३२ न्यूटन-मीटर. रोटर आणि पुली फिरवायला ०.०३ आणि घर्षणाला ०.२. बेरीज ०.५५. मोटरवर २ न्यूटन-मीटर छापलेलं असतं, पण तो आकडा उभ्या मोटरचा. वेग वाढतो तसा स्टेपरचा टॉर्क गळत जातो. आमच्या मोटरच्या आलेखावर ६०० फेऱ्यांना साधारण १ न्यूटन-मीटरच उरतो. हिशेब याच आकड्याशी जुळवायचा, कारण चढाईचा शेवट तिथेच होतो.

त्वरण दुप्पट केलं तर ०.९ न्यूटन-मीटर लागतो. कागदावर अजून बसतो, प्रत्यक्षात नाही. पट्टा जरा घट्ट झाला किंवा रुळावर धूळ बसली, की घर्षण तेवढ्यानेही वाढतं. आणि मिळतं काय? ०.७ ऐवजी ०.६ सेकंद. एवढ्यासाठी मोटरला टोकाला नेणं मला पटत नाही. उपलब्ध टॉर्कच्या साठ टक्क्यांच्या आत राहावं. थांबताना ही अडचण कमी असते, कारण तिथे घर्षणच ब्रेक लावतं.

मर्यादा ओलांडली की चढाईच्या शेवटी मोटर किंचाळते आणि जागीच थरथरत राहते. कधी मात्र ती गुपचूप पावलं गाळते. ते पकडायला गाडी पन्नास वेळा पुढे-मागे पळवून मूळ जागी आणावी आणि डायल गेजवर फरक पाहावा. २०० पावलांची मोटर चुकते ती चार-चार पावलांनी. आमच्या पुलीवर एक पाऊल अर्ध्या मिलिमीटरचं, म्हणून फरक २, ४ किंवा ६ मिलिमीटरचा दिसला तर त्वरण कमी करा. फरक १.३ सारखा आडनिडा असेल, तर आधी पुलीचा स्क्रू घट्ट आहे का ते तपासा.