समासातील शब्द आणि संहितेतील क्रियापद : अनुच्छेद ३६८ च्या शीर्षकाचा प्रवास

साहित्यसंहितेभोवती असणाऱ्या शीर्षके, प्रस्तावना, तळटीपा इत्यादी मजकुराला फ्रेंच समीक्षक जेरार जनेत यांनी १९८७ मध्ये संहितेचा उंबरठा म्हटले. उंबऱ्यावरचा शब्द आतल्या मजकुराचे वाचन कसे वळवतो, हा साहित्याच्या अभ्यासकांना परिचित असलेला प्रश्न आहे. विधिसंहितेत मात्र तो केवळ वाचनाचा प्रश्न राहत नाही. कलमाच्या कडेला छापलेली समासटीप आणि कलमाचा मजकूर यांत अंतर पडले, तर त्या अंतरातून हक्क आणि सत्ता यांचे वाद उभे राहू शकतात. भारतीय संविधानाचा अनुच्छेद ३६८ हे याचे ठळक उदाहरण होय.

संविधानाच्या विसाव्या भागाचे शीर्षक ‘संविधानाची सुधारणा’ असे आहे आणि त्या भागात हा एकच अनुच्छेद आहे. १९५० च्या मूळ रूपात त्याची समासटीप ‘संविधान-सुधारणेची कार्यपद्धती’ एवढेच सांगत होती. मजकुराचा आशय असा होता : सुधारणेचे विधेयक संसदेच्या कोणत्याही एका सभागृहात मांडावे, प्रत्येक सभागृहाने ते एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने, तसेच उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या किमान दोन-तृतीयांश बहुमताने संमत करावे, ते राष्ट्रपतींच्या अनुमतीसाठी सादर करावे, आणि अनुमती मिळताच संविधान त्या विधेयकानुसार सुधारले जाईल. काही तरतुदींसाठी किमान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांचे अनुसमर्थनही परंतुकाने आवश्यक ठरवले होते.

शीर्षक तपासण्याची जुनी आणि खात्रीची रीत म्हणजे ते प्रथम झाकून ठेवणे. आधी शीर्षक वाचले की डोळा मजकुरात तेवढेच शोधतो आणि जे उरते ते नजरेतून निसटते. म्हणून मजकूर एकटा वाचावा, त्यातील क्रियापदे वेगळी काढावीत, प्रत्येक क्रियापद काय घडवते ते पाहून स्वतःचे शीर्षक लिहावे आणि मगच छापील शीर्षक उघडावे. मूळ अनुच्छेद ३६८ ला ही रीत लावली, तर मांडणे, संमत करणे, सादर करणे आणि अनुमती मिळणे ही चार क्रियापदे कार्यपद्धतीची ठरतात. पाचवे क्रियापद मात्र वेगळ्या जातीचे आहे. ‘संविधान सुधारले जाईल’ हा परिणाम आहे, आणि परिणाम घडवण्याचे सामर्थ्य कोणाकडे तरी असल्याशिवाय तो घडत नाही. छापील समासटीप पहिल्या चार क्रियापदांना पुरते, पाचव्याला पुरत नाही. भागाचे शीर्षक मात्र त्या पाचव्यालाही सामावून घेते. एकाच अनुच्छेदावर दोन मथळे होते आणि दोहोंची व्याप्ती वेगळी होती.

हे अंतर १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात उघडे पडले. पंजाबातील जमीनधारणेच्या मर्यादेवरून सुरू झालेल्या या खटल्यात मूलभूत हक्कांचा संकोच करणारी सुधारणा संसदेला करता येते काय, हा प्रश्न अकरा न्यायाधीशांच्या पीठापुढे होता. सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने उत्तर नकारार्थी आले. सरन्यायाधीश सुब्बा राव व त्यांचे चार सहकारी यांच्या मते, अनुच्छेद ३६८ केवळ कार्यपद्धती सांगतो. सुधारणेचा अधिकार संसदेच्या सर्वसाधारण विधानाधिकारात शोधावा लागतो. म्हणून सुधारणा हाही ‘कायदा’च ठरतो आणि अनुच्छेद १३ चे बंधन त्यालाही लागू होते. या युक्तिवादाला समासटीपेतील ‘कार्यपद्धती’ या शब्दाचा आधार होता. अल्पमतातील न्या. वांछू यांनी दुसऱ्या मथळ्याकडे बोट दाखवले. ज्या भागाचे नावच ‘संविधानाची सुधारणा’ आहे आणि ज्यात एवढा एकच अनुच्छेद आहे, त्यातच सुधारणेचा अधिकार असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

समासटीपेला एवढे वजन द्यावे काय, हा स्वतंत्र प्रश्न आहे. ब्रिटिश संसदेच्या कायद्यांतील समासटिपा सभागृहाच्या चर्चेचा विषय नसतात, म्हणून अर्थ लावताना त्यांना परंपरेने दुय्यम स्थान मिळत आले. भारतीय संविधानाची गोष्ट वेगळी आहे. अनुच्छेद २८६ विषयीच्या बंगाल इम्युनिटी खटल्यात (१९५५) सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले, की संविधानाच्या समासटिपा संविधान सभेने संमत केलेल्या संहितेचाच भाग आहेत आणि म्हणून अर्थाचा काही सुगावा त्यांतून मिळू शकतो. तरीही सुगावा म्हणजे निर्णय नव्हे. मजकूर स्पष्ट असेल तर टीप त्याला आकुंचित करू शकत नाही. पाच न्यायाधीशांनी टीपेला तिच्या ताकदीपेक्षा थोडे अधिकच काम दिले, असे म्हणण्यास जागा आहे.

संसदेने दिलेले उत्तर संपादनशास्त्राच्या दृष्टीने विलक्षण आहे. १९७१ च्या चोविसाव्या सुधारणेने मूळ मजकुराला खंड (२) चा क्रमांक दिला, त्याआधी संसदेचा ‘संविधायी अधिकार’ सांगणारा खंड (१) घातला आणि अनुच्छेद १३ या सुधारणांना लागू नाही असे सांगणारा खंड (३) जोडला. त्याच सुधारणेत समासटीपही स्पष्टपणे बदलण्यात आली. संसदेचा सुधारणेचा अधिकार आणि त्याची कार्यपद्धती, असा नव्या टीपेचा आशय होता. शीर्षकातील बदल विधेयकात लिहून संमत केला गेला, ही गोष्ट महत्त्वाची. संस्थांच्या उपविधींत बहुधा याच्या उलट घडते. ठरावाने मजकूर बदलतो आणि मथळा जुनाच राहतो. किंवा पुढील आवृत्ती छापताना कोणी सद्हेतूने मथळा सुधारतो, पण तो बदल कोणत्याही ठरावात नसतो. दुसरा दोष पहिल्याहून वाईट, कारण तो दिसत नाही. विसंगती आढळल्यास तपासनिसाने तिची नोंद करून दुरुस्ती ठरावासाठी पाठवावी, स्वतः करू नये.

बदल मजकुरात आणि मथळा जुना, हे संविधानातही दिसते. अनुच्छेद १५ चे शीर्षक भेदभावाच्या मनाईविषयी आहे. पण १९५१ मध्ये खंड (४), त्र्याण्णवाव्या सुधारणेने (२००५) खंड (५) आणि २०१९ मध्ये खंड (६) त्यात आले. हे तिन्ही खंड विशेष तरतुदींना, त्यांत शिक्षणसंस्थांतील प्रवेशांविषयीच्या तरतुदींनाही, मुभा देतात. अनुक्रमणिकेवरून शोध घेणाऱ्याला त्यांचा पत्ता लागत नाही. येथे मथळा खोटा नाही, अपुरा आहे. आणि अपुरेपणा ओळखण्यासाठी प्रत्येक खंडाच्या घालण्याची तारीख मथळ्याच्या तारखेशी ताडून पाहावी लागते.

१९७३ च्या केशवानंद भारती निर्णयाने चोविसावी सुधारणा वैध ठरवली, गोलकनाथचा निष्कर्ष बाजूला सारला आणि त्याच वेळी संविधानाची मूलभूत संरचना या अधिकाराच्या कक्षेबाहेर ठेवली. आज शीर्षक आणि खंड (१) एकमेकांशी जुळतात. पण त्या अधिकाराची मर्यादा दोहोंपैकी कोठेही लिहिलेली नाही. जुळणीची तपासणी छापील पानापुरतीच चालते. १९७६ च्या बेचाळिसाव्या सुधारणेने खंड (४) आणि (५) घातले. पैकी खंड (४) सुधारणांना न्यायालयात आव्हान देण्यास मनाई करणारा होता, आणि शीर्षकातील ‘अधिकार’ वा ‘कार्यपद्धती’ यांपैकी कोणत्याही शब्दाखाली तो सरळ बसत नव्हता. १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निर्णयाने हे दोन्ही खंड अवैध ठरले, तरी संहितेत ते तळटिपेसह छापले जातात.

भाषांतरात तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. हिंदी पाठात या शीर्षकात ‘शक्ति’ हा शब्द आहे आणि ‘अधिकार’ हा शब्द मूलभूत हक्कांसाठी राखलेला आहे. मराठीत ‘अधिकार’ सत्तेलाही चालतो आणि हक्कालाही. गोलकनाथचा सारा वाद संसदेची सत्ता आणि नागरिकांचे हक्क यांमधला असल्याने, मराठी वाचकाला शीर्षकातील ‘अधिकार’ कोणाचा, हे त्याच्यासोबतच्या षष्ठी प्रत्ययावरूनच कळते.