कुरळे केस फोटोत सरळ करताना

फोटोतले कुरळे केस सरळ करायचे म्हटले, की अनेक जण फोटोशॉपमधलं Liquify उघडतात आणि बटा ओढू लागतात. केसांची कड सरळ होते, केस मात्र सरळ वाटत नाहीत. कुरळ्या बटेच्या प्रत्येक वळणावर उजेडाचा ठिपका असतो आणि त्याला लागून सावली. बट ओढली की हे ठिपकेही ताणले जातात आणि केसांवर चट्टेपट्टे उमटतात. सरळ केसांवर उजेड असा विखुरत नाही. डोक्याच्या गोलाईवर, केसांना आडवी अशी त्याची सलग झळाळी दिसते. म्हणून ओढाताण फक्त आकारापुरती करावी आणि केस नव्याने रंगवावेत.

समजा, फोटोत खांद्यापर्यंत कुरळे केस असलेली तरुणी आहे, अंगात पिवळा सुती कुर्ता आहे आणि उजेड डावीकडच्या खिडकीतून येतोय. आधी फुगीरपणा कमी करायचा. कानांच्या बाजूचे केस आत घेतले की त्यांनी झाकलेली भिंत आणि मान उघडी पडते. तो भाग शेजारच्या पोतावरून भरून घ्यावा लागतो. माथ्यावरचे केस मात्र कवटीला चिकटवू नयेत, मुळाशी थोडा उठाव राहू द्यावा. लांबीही वाढवायला हवी. कुरळा केस सरळ झाला की खाली उतरतो, त्यामुळे या तरुणीचे केस आता छातीपर्यंत आले पाहिजेत.

मग स्वतंत्र लेयरवर गडद तळरंग, त्यावर जाड बटा आणि शेवटी सुटे केस. प्रत्येक फटकारा भांगापासून सुरू होऊन गोलाईवरून कानामागे किंवा कानापुढे खाली जातो. मोठ्या फोटोत सुट्या केसांना दोन-तीन पिक्सेलचा ब्रश पुरतो. टोक निमुळतं हवं. चार केस वाट सोडून गेलेले दाखवले नाहीत, तर विग घातल्यासारखा वाटतो.

खरी कसोटी खांद्यावर लागते. तिथे काही बटा पाठीमागे जातात, काही कुर्त्यावर टेकून किंचित वाकतात. जुन्या कुरळ्या बटांची सावली कापडावर तशीच राहिली, तर फसवणूक लगेच कळते, म्हणून ती आधी पुसायची. नवी सावली Multiply मोडच्या दोन लेयरवर द्यावी. बट जिथे टेकते तिथे अरुंद आणि गडद, तर टोकं कापडापासून सुटतात तिथे उजवीकडे सरकलेली, पसरट आणि फिकी. रंग कुर्त्याच्याच चुणीतून उचलावा. काळ्या रंगाने पिवळं कापड मळकट दिसतं.

शेवटी फोटो थोडा वेळ कृष्णधवल करून पाहावा. रंग गेला की चुकीच्या दिशेची सावली लगेच नजरेत भरते. नव्या केसांवर मूळ फोटोइतके बारीक कणही घालावेत, नाहीतर ते गुळगुळीत राहून वेगळे पडतात.

उजेड पाठीमागून येत असेल, तर तो केसांच्या कडेतून आरपार येतो आणि तिथला प्रत्येक केस उजळतो. अशी कड हाताने पुन्हा उभी करणं फार अवघड आहे. त्या फोटोत केस पूर्ण सरळ करण्यापेक्षा हलक्या लाटा ठेवणंच मला योग्य वाटतं.